पत्रातल्या तारखा, प्रमाणपत्रातल्या तारखा

"ऑफर लेटरमध्ये सहा महिने लिहिलेत ना, मग सर्टिफिकेटवरही सहाच महिने टाका." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता चिडचिड होते. ऑफर लेटर म्हणजे काय ठरलं त्याची नोंद. प्रमाणपत्र म्हणजे प्रत्यक्षात काय घडलं त्याची. एकातला मजकूर दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवता येत नाही.

माझ्यासमोर आलेलं एक उदाहरण घ्या. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या पत्रात 1 जानेवारी ते 30 जून 2024, पूर्णवेळ, असं होतं. मुलगी रुजू झाली 15 जानेवारीला. 15 एप्रिल ते 5 मे ती परीक्षेसाठी रजेवर होती आणि 31 मे हा तिचा शेवटचा दिवस. शिवाय कॉलेजमुळे ती आठवड्यातून तीनच दिवस, रोज सहा तास येत असे. म्हणजे 17 आठवडे, 51 दिवस, 306 तास. प्रमाणपत्रावर मात्र 'सहा महिने, पूर्णवेळ' छापलं गेलं. पुढे नोकरीच्या वेळी पडताळणीत हजेरीपट मागितला गेला आणि खुलासे देता देता तिची दमछाक झाली. काम तिने खरंच चांगलं केलं होतं, म्हणून मला याचा जास्त राग येतो.

तिथे एवढंच लिहायला हवं होतं: "15 जानेवारी ते 31 मे 2024, मधली तीन आठवड्यांची परीक्षा रजा वगळून, अर्धवेळ, एकूण 306 तास. विद्यावेतन हजेरीच्या दिवसाला ₹400, एकूण ₹20,400." तास लिहिल्याने कॉलेजचंही काम सोपं होतं, कारण यूजीसीच्या हिशेबात इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे 30 तास.

कामाचं स्वरूपही असंच फुगवलं जातं. 'गुणवत्ता नियंत्रण विभाग सांभाळला' हे खोटं होतं. 'पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली नमुन्यांचा पीएच आणि गढूळपणा मोजून नोंदी केल्या' हे खरं होतं, आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न आले तर तिला उत्तरंही देता आली असती.

विद्यावेतन नसेल तर ती ओळ गाळावी, असं काहींना वाटतं. गाळू नका, 'विद्यावेतन नाही' असं ऑफर लेटरमध्येच लिहा. 'कामगिरीनुसार ₹10,000 पर्यंत' असं लिहिणार असाल तर निकष आणि किमान रक्कमही लिहा, नाहीतर 'पर्यंत'मध्ये शून्यही बसतं. इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप एकच, हाही गैरसमज. अप्रेंटिससाठी 1961 चा कायदा आहे आणि त्यात करार नोंदवावा लागतो, त्यामुळे तसा करार नसताना तो शब्द प्रमाणपत्रात वापरू नये.

चुकीचं प्रमाणपत्र दिलं गेलंच असेल तर पेनाने खाडाखोड करून चालत नाही. जुनं परत घ्यावं आणि नवं आजच्या तारखेने, 'आधीचे प्रमाणपत्र रद्द' असा उल्लेख करून द्यावं.