गोधडीत हरवलेलं बाळ

रात्रीचे तीन वाजलेले असतात. पंधरा-वीस दिवसांची बाळंतीण दचकून उठून बसते आणि अंथरूण चाचपू लागते. बाळ कुशीतच होतं, आपला डोळा लागला, ते गोधडीखाली गेलं, गुदमरलं! ती उशा बाजूला करते, चादर ओढते, नवऱ्याला हलवते. "अगं, पाळण्यात आहे ते," तो म्हणतो. तिला ते पटत नाही. पाळण्यात वाकून ती बाळाच्या नाकापाशी बोट धरते, कोमट श्वास लागतो, तेव्हा कुठे भान येतं. तासाभरापूर्वी पाजून तिनंच तर त्याला तिथं निजवलं होतं.

सकाळी ती हे कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, हिला मूल सांभाळता येत नाही.

पण हा अनुभव कुण्या एकीचा नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये टोरे निल्सन आणि टायना पॅकेट या संशोधकांनी २७३ स्त्रियांना त्यांच्या स्वप्नांविषयी विचारलं. त्यांतल्या २०२ नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळाची स्वप्नं गरोदर आणि बाळंत अशा दोन्ही गटांना सारखीच पडत होती. बाळ संकटात असल्याचं मात्र बाळंतिणींपैकी ७३ टक्के जणींनी सांगितलं, तर गरोदर स्त्रियांपैकी ४२ टक्के जणींनी. म्हणजे मूल हातात येण्याआधीच ते हरवण्याची भीती सुरू झालेली असते. अशा स्वप्नातून जाग आल्यावर बाळ ठीक आहे ना, हे बघितल्याशिवाय राहवत नाही, असंही अनेकींनी सांगितलं.

याचं बरंचसं कारण झोपेतच आहे. झोपेचं एक चक्र साधारण नव्वद मिनिटांचं असतं आणि ठसठशीत स्वप्नं पडतात ती त्याच्या शेवटच्या टप्प्यात. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो. तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी दूध मागतं, त्यामुळे नेमकी हीच झोप तुटते. मग मिळेल तेवढ्या वेळात मेंदू स्वप्नांची थकबाकी वसूल करतो आणि स्वप्नं जास्त तीव्र होतात. त्यात स्वप्नाच्या मध्येच जाग आली, की ते लक्षातही राहतं. रात्रभर गाढ झोपणाऱ्यालाही स्वप्नं पडतात, फक्त सकाळपर्यंत ती पुसली जातात. अर्धवट जागेपणी हातपाय हलू लागतात, पण डोळ्यांपुढचं चित्र अजून गेलेलं नसतं. गोधडी चाचपणं घडतं ते या सांध्यावर.

बाळच का, याचं उत्तर दिवसात सापडतं. दिवसभर ज्याचा घोर असतो, तेच रात्री उगवतं. कुणी बाजारात गेल्यावर आठवतं की बाळ दुकानातच राहिलं, तर कुणाला स्वप्नात एकाएकी कळतं की बाळाला दोन दिवस पाजलेलंच नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५६ साली लिहिलं होतं की बाळंतपणाच्या आसपास काही आठवडे आईचं सगळं चित्त बाळापाशी गोळा होतं आणि त्या अवस्थेतून बाहेर आल्यावर तिला ती नीटशी आठवतही नाही. "आम्हाला नाही बाई असलं काही झालं," असं सासूबाई म्हणतात, त्या खोटं बोलत नसतात. त्या विसरलेल्या असतात.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं मानतात. त्या रात्री घर जागं राहतं, बाळाला एकटं सोडत नाहीत. तान्ही मुलं पटापट दगावत त्या काळात ही धास्ती साधार होती आणि ती सगळं घर मिळून वाहत असे. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच्या वाट्याला येते. धास्ती नैसर्गिक आहे, पण हे एकटेपण बदलता येईल. रात्रीची एक पाळी घरातल्या दुसऱ्या कुणी घेतली आणि आईला सलग चार तास झोप मिळाली, तरी बराच फरक पडू शकतो. बाळाचं अंथरूण हाताच्या अंतरावर पण वेगळं असावं आणि खोलीत मंद दिवा असावा, म्हणजे डोळे उघडताच ते दिसतं.

स्वप्न पडलं, खात्री केली, पुन्हा झोप लागली, तर काळजीचं कारण नाही. पण बाळ शांत झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू किंवा उदासी असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. बाळाविषयी भलतंसलतं खरंच वाटू लागलं, आवाज ऐकू येऊ लागले किंवा स्वतःला वा बाळाला इजा करावीशी वाटली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं आणि तोवर दोघांनाही एकटं सोडू नये. मानसिक आरोग्यासाठी सरकारची 'टेलि मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं.