तेराव्यानंतरची भेट

साताऱ्यात एका बाई दुपारी दोनच्या सुमारास जातात. मुलगी पुण्याहून तासा-दोन तासांत पोचते, जवळचे नातेवाईक जमतात आणि दिवस मावळायच्या आत संगम माहुलीला अंत्यसंस्कार होतो. मुलीची शाळेपासूनची मैत्रीण बेंगळुरूला असते. तिला बातमी संध्याकाळी कळते, तोवर सगळं झालेलं असतं. तिच्या घरी मुलाच्या कॉलेज प्रवेशाची धावपळ चालू असते. सावडण्याच्या दिवशी ती जात नाही, दहाव्याला जात नाही, तेराव्याला जाऊ म्हणते आणि तेही राहतं. फोन करायला हात जात नाही, कारण आता काय बोलायचं? असे पाच आठवडे जातात.

हा प्रसंग मी उदाहरणादाखल रचला आहे, पण थोड्याफार फरकाने तो बहुतेक घरांत घडलेला आहे. कुणी परदेशात होतं, कुणाला कळलंच उशिरा, कुणी दवाखान्यात होतं. २०२० साली टाळेबंदीत अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, तेव्हा तर सख्खी माणसंही घरी बसून राहिली. आपल्याकडे अंत्यसंस्कार काही तासांत उरकतो, त्यामुळे लांबचं माणूस चुकणं हे नेहमीचंच. हे आपल्या रीतीलाही ठाऊक आहे. म्हणून तिने शोक एका दिवसात संपवलेला नाही. सावडणं, दहावा, तेरावा, मग महिन्याचं मासिक, वर्षश्राद्ध. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांत सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा असते, मुसलमान घरांत चाळिसावा, बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. जो पहिल्या दिवशी पोचला नाही त्याच्यासाठी पुढे दार उघडं ठेवलेलं असतं. कोपरा फाडलेलं कार्ड टपालाने यायचं त्या काळात तर कितीतरी माणसं दहावा उलटून गेल्यावरच भेटायला यायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

तेव्हा बेंगळुरूच्या मैत्रिणीची चूक माहुलीला न पोचण्याची नाही. ते तिच्या हातात नव्हतंच. चूक त्यानंतरच्या पाच आठवड्यांच्या गप्प बसण्याची आहे, आणि माफी मागायची ती त्याची. बहुतेक जण इथेच फसतात. विमान का मिळालं नाही, सुट्टी का मिळाली नाही हे सांगत बसतात आणि जे खरं लागलेलं असतं त्याला हातच लावत नाहीत.

तिने पहिल्यांदा लिहिला असता असा मेसेज बघा: ‘अगं, काकूंचं कळलं, फार वाईट वाटलं. मला यायचंच होतं गं, पण नेमकी याच्या ॲडमिशनची गडबड, ह्यांना सुट्टी नाही, तिकीटही मिळेना. तेव्हापासून इतकं अपराधी वाटतंय की रात्र रात्र झोप नाही. प्लीज मला माफ कर. काही लागलं तर नक्की सांग. काळजी घे.’

यात खोटं काही नाही. तरी वाचणारीच्या जागी बसून पाहा. आई जाऊन पाच आठवडे झालेत आणि हातात आलाय तो दुसऱ्या घरच्या अडचणींचा पाढा. त्यापुढे मैत्रिणीची झोप उडाल्याची बातमी, म्हणजे आता हिनेच तिची समजूत काढायची, ‘अगं, असू दे, मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणायचं. माफी मागितली आहे म्हणजे ‘केलं माफ’ हेही लगेच म्हणायला हवं, मग मनातून वाटो न वाटो. आणि शेवटी ‘काही लागलं तर सांग’. काय लागतंय हे ठरवण्याचं आणि मागण्याचं कामही तिच्यावरच टाकलेलं.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली माफीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. माफीतल्या कोणत्या गोष्टीने समोरच्यावर किती परिणाम होतो हे त्यांनी तपासलं. सर्वांत जास्त उपयोग ‘चूक माझी’ हे स्वच्छ कबूल करण्याचा दिसला, त्याखालोखाल झालेलं भरून काढायची तयारी दाखवण्याचा. ‘मला क्षमा कर’ ही विनंती सर्वांत शेवटी होती. त्यांची उदाहरणं कामकाजाच्या जगातली होती, शोकाची नव्हती. पण दुःखात असलेल्या माणसाकडे क्षमा मागणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम टाकणं, हे कुणालाही पटेल.

आता तोच मेसेज असा: ‘अगं, काकू गेल्या तेव्हा मी आले नाही आणि नंतर पाच आठवडे तुला साधा फोनही केला नाही. हे माझं चुकलं. दहावीच्या क्लासवरून आपण भिजून यायचो तेव्हा काकू गरम खिचडीवर लसणाची फोडणी ओतून द्यायच्या, आणि मला मिरची चालत नाही म्हणून माझ्या ताटातली मिरची स्वतः वेचून काढायच्या. ते सारखं आठवतंय. येत्या शनिवारी मी साताऱ्याला येते आहे. अकराच्या सुमारास काकांना भेटायला घरी येईन. तू असलीस तर भेटू. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. त्या दिवशी नको असेल तर तेवढं कळव.’

चूक दोन वाक्यांत सांगून झाली, कारणं एकही नाही. कारण विचारलं तर खरं ते सांगावं, एका वाक्यात. बनवून सांगू नये, कारण त्याच आठवड्यातले आपले फोटो तिने कुठेतरी पाहिलेले असतात. खिचडीचं वाक्य मात्र मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तेरावा झाला की गेलेल्या माणसाबद्दल बोलणंच थांबतं. लोक जपून बोलायला लागतात, आईचा विषय निघाला की दुसरीकडे वळवतात. अशा वेळी तिला स्वतःलाही माहीत नसलेली आईची एखादी गोष्ट कुणी आणून दिली, तर ते उशिरा आलेल्या माणसालाच जमण्यासारखं असतं. पहिल्या दिवसाच्या गर्दीत ती हरवून गेली असती. गोष्ट मात्र खरी आणि बारीक हवी. ‘काकू फार प्रेमळ होत्या’ हे तेरा दिवसांत तिने शंभरदा ऐकलेलं असतं.

आणि शक्य असेल तर जावंच. मेसेज ही जाण्याची वर्दी, जाण्याऐवजी करायची गोष्ट नव्हे. पोचल्यावर ‘कसं झालं गं?’ हे विचारू नये. तो प्रसंग तिने आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलेला आहे. तिला सांगायचा असेल तर ती आपण होऊन सांगेल, मग अर्धा तास लागला तरी ऐकावं. ती रागावलेली असू शकते. ‘सगळे आले, तू नाही आलीस’ असं तोंडावर म्हणेल. त्यावर ‘हो, नाही आले’ एवढंच म्हणून थांबावं. इथेच ‘पण’ ओठांवर येतो आणि तो आला की आधीचं सगळं पुसलं जातं. राग निघाला हे बरं झालं समजावं. जिच्यावर हक्क वाटतो तिच्यावरच माणूस रागावतं. निघताना ‘येते’ म्हणायचं नाही हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं, नुसतं उठून ‘निघते’ म्हणावं.

मदतीचं म्हणाल तर पाच आठवड्यांनी करण्यासारखं बरंच असतं, कारण तोवर आलेली माणसं आपापल्या घरी गेलेली असतात आणि कागदांचं काम नुकतं सुरू झालेलं असतं. आपल्या उदाहरणातल्या काकू निवृत्त शिक्षिका होत्या असं धरू. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती झालेली असते. पण दाखल्याची एकच प्रत काढलेली असते आणि जाल तिथे ती मागतात. काकूंची पेन्शन बँकेत जमा होतेच आहे, कारण बँकेला कुणी कळवलेलंच नाही. मृत्यूनंतर जमा झालेली ही रक्कम पुढे परत करावी लागते, म्हणून जितकं लवकर कळवावं तितकं बरं. कुटुंब निवृत्तिवेतन काकांना मिळू शकतं, पण त्यासाठी पीपीओ म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश शोधायला हवा, आणि तो काकूंनी कुठल्या डब्यात ठेवलाय ते काकांना माहीत नाही. गावाकडे काकूंच्या नावावर माहेरची थोडी जमीन असेल तर वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते.

यातलं एक काम निवडावं आणि ठरवूनच सांगावं: ‘सोमवारी बँक उघडते तोवर मी आहे. काकांना घेऊन मी जाते, दाखल्याच्या चार प्रतीही काढून आणते.’ मुलगी दर शनिवार-रविवार पुण्याहून येते आणि त्या दोन दिवशी सरकारी कचेऱ्या बंद असतात, हे जिने लक्षात घेतलं तिची मदत खरी. पैशांच्या व्यवहारात मात्र मैत्रिणीने हात घालू नये. एटीएम कार्ड, पासवर्ड, सह्या हे घरच्यांचं. गेलेल्या माणसाचं कार्ड वापरून पैसे काढणं तर घरच्यांनीही टाळावं, मागाहून ते अंगाशी येतं.

काही घरांत ही मदत नको असते. ‘नको’ म्हटलं तर आग्रह करू नये, पण त्यामुळे दुखावून पुन्हा पाच आठवडे गप्पही बसू नये. दहा-बारा दिवसांनी एक फोन, काकांना वेगळा. बायको गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला मुलीच्या मैत्रिणीचा फोन येतो तेव्हा तो औषधांबद्दल बोलतो, दुधाच्या हिशेबाबद्दल बोलतो, आणि मग काकूंबद्दल बोलतो.

पुढे दिवाळी येते. पहिल्या वर्षी त्या घरात फराळ करत नाहीत, शेजारपाजारचे आणि नातेवाईक आणून देतात. बेंगळुरूहून डबा पाठवता येतो. त्यानंतर वर्षश्राद्ध. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फोनमध्ये इंग्रजी तारीख टाकून ठेवली तर वर्षश्राद्ध चुकतं, कारण ते तिथीने येतं आणि तारखेच्या दहा-बारा दिवस पुढे-मागेही पडू शकतं. अधिक महिना आला तर हिशेब आणखी बदलतो. शिवाय काकू काकांच्या आधी गेल्या, म्हणजे पुढच्या वर्षांत भाद्रपदातल्या अविधवा नवमीला त्यांचं श्राद्ध असेल आणि त्या दिवशी काही घरांत सवाष्ण जेवायला बोलावतात. तेव्हा शनिवारी भेटल्यावर काकांना तिथी विचारून घ्यावी, आणि घरातल्या पंचांगात पुढच्या वर्षीचा दिवस पाहून त्यांच्यासमोरच तो लिहून ठेवावा.