लेदर जॅकेट पावसाळ्यातून बाहेर काढताना

मुंबई, ठाणे किंवा रत्नागिरीत लेदर जॅकेट वर्षातून जेमतेम दोन महिने अंगावर चढतं आणि बाकीचे महिने कपाटात लटकत राहतं. त्यामुळे इथली जॅकेटं वापरून जितकी खराब होतात, त्याहून जास्त ती कपाटात राहून खराब होतात. लेदरची निगा म्हटलं की बहुतेकांना क्रीम आठवतं. कोरड्या थंडीच्या प्रदेशात ते बरोबरही आहे. पण किनारपट्टीच्या हवेत जॅकेटवर पहिला घाला घालते ती ओल. म्हणून आपल्याकडे क्रम ठरलेला हवा: आधी वाळवणं, मग स्वच्छ करणं आणि सगळ्यात शेवटी क्रीम.

हा क्रम का, ते कळायला कातडं कशाचं बनलेलं असतं हे थोडं पाहावं लागतं. कातडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं गुंतागुंतीचं जाळं. बहुतेक जॅकेटांची कातडी टॅनरीत क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेली असते. कमावून झाली की ती मोठ्या पिंपात फिरवून तंतूंमध्ये तेल मुरवतात. या तेलामुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून आपण कोपर वाकवला की बाहीही मऊपणे वाकते. सर्वांत वर रंगाचा आणि संरक्षक लेपाचा एक पातळ थर असतो. जॅकेटला काहीही झालं, तरी बिघाड तंतूंमध्ये आहे, तेलात आहे की या वरच्या थरात, हे आधी ओळखायचं असतं.

बुरशीला वाढायला दमट हवा आणि थोडं अन्न पुरतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की ती सहज धरते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता ऐंशीच्याही पुढे असते. अन्न तर जॅकेटवर असतंच: घाम, धूळ, मानेचा तेलकटपणा आणि वर्षानुवर्षं चोपडलेलं क्रीम.

ठाण्याच्या माझ्या मावसभावाचं जॅकेट याचा नमुनाच होतं. काळं, मेंढीच्या मऊ कातड्याचं, आत पॉलिएस्टरचं अस्तर. मनालीहून परतल्यावर ते न पुसताच प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून कपाटात गेलं, ते थेट ऑक्टोबरात बाहेर आलं. कॉलरवर आणि काखेत फिकट हिरवट गोल ठिपके, कव्हर काढताच येणारा कुबट भपकारा आणि कोपरांवर पांढुरक्या रेषांची जाळी, असा सगळा थाट होता. मावशी खोबरेल तेलाची वाटी घेऊन तयारच होती. तिला म्हटलं, "मावशी, आज तेल नको. बुरशीवर तेल लावलं तर तिला खाऊच मिळेल." शिवाय खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं, कातड्यावर डाग धरतं आणि ते एकसारखं मुरत नाही.

आम्ही जॅकेट गॅलरीत नेलं. घरात झटकलं असतं तर बुरशीचे कण इतर कपड्यांवर बसले असते. नाकातोंडावर मास्क लावून मऊ ब्रशने कोरडे ठिपके झाडले, सुती फडक्याने पुसले आणि ते फडकं फेकून दिलं. मग केमिस्टकडून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळलं. ते वापरण्याआधी कॉलरच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून पाहणं अत्यावश्यक आहे, कारण काही लेदरचा रंग त्याने निघतो. फडक्यावर काळा रंग भरभरून उतरला तर तिथेच थांबायचं आणि काम कारागिराकडे द्यायचं. इथे रंग टिकला. मग फडकं त्या मिश्रणात भिजवून घट्ट पिळलं आणि एकेक भाग पुसत गेलो. शिवणी, कॉलरची घडी आणि चेनच्या कडेची पट्टी यांवर जास्त वेळ दिला, कारण बुरशी तिथे दडून राहते. नंतर जॅकेट दोन दिवस सावलीत, पंख्याखाली. उन्हात टाकायचा मोह होतो, पण कडक उन्हाने रंग उडतो आणि कातडं आखडून कडक होतं. हेअर ड्रायरचंही तेच.

हे सगळं गुळगुळीत लेदरसाठी. स्वेडला म्हणजे मखमली लव असलेल्या कातड्याला ओलं काहीही लावू नये. कोरडा ब्रश चालतो, त्याहून जास्त डाग असतील तर ते जाणकाराचं काम.

आता वास. नाक एकदा बाहेरच्या कातड्याला आणि एकदा अस्तराला लावून पाहा. बहुतेक वेळा वास अस्तरात मुरलेला असतो. कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून, पिळलेल्या फडक्याने काख, कॉलर आणि पाठीचा भाग पुसायचा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने एकदा, आणि बाह्या उलट्या करून पंख्याखाली वाळवायचं. खिसे बाहेर ओढून पाहायला विसरू नये. मावसभावाच्या आतल्या खिशात एक भिजून वाळलेला रुमाल निघाला. तरीही वास राहिला तर झाकणाच्या मोठ्या डब्यात किंवा रिकाम्या सुटकेसमध्ये जॅकेट ठेवून बाजूला वाटीत खाण्याचा सोडा ठेवावा. दोन-तीन दिवसांनी सोडा बदलावा. सोडा थेट लेदरवर भुरभुरू नये, कारण कमावलेलं कातडं किंचित आम्लधर्मी असतं आणि सोडा अल्कलीयुक्त. शिवाय शिवणीत अडकलेली भुकटी निघता निघत नाही. अत्तर किंवा डांबरगोळ्या तर नकोतच. डांबरगोळ्यांचा वास कातड्यातल्या तेलात जाऊन बसतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. एवढं करूनही अस्तर कुबटच राहिलं तर ते उसवून शिंप्याकडून नवं लावून घ्यावं. चांगल्या जॅकेटसाठी एवढा खर्च करायला हरकत नाही.

जॅकेट पुसून-वाळवून आठवडाभर तसंच टांगून ठेवलं. नवे ठिपके उठले नाहीत, तेव्हाच क्रीमचा डबा उघडला.

क्रीम लावण्याआधी खालच्या कडेच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. थेंब तसाच गोल उभा राहिला तर वरचा थर जाड आहे आणि क्रीम आत फारसं जाणार नाही, तिथे अगदी थोडं पुरतं. थेंब लगेच शोषला जाऊन कातडं गडद झालं तर ते उघडं, नाजूक लेदर आहे. त्यावर कोणतंही क्रीम रंग गडद करू शकतं, म्हणून चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. क्रीम नेहमी रंगहीन आणि कपड्यांच्या लेदरसाठी असलेलंच घ्यावं. बुटाचं पॉलिश घेतलं तर त्याचा रंग शर्टाच्या कॉलरला लागतो.

प्रमाण लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. पूर्ण जॅकेटला साधारण दोन चहाचे चमचे पुरतात. क्रीम कातड्यावर थेट न टाकता फडक्यावर घ्यायचं, गोल-गोल फिरवत पातळ पसरायचं, कोपर आणि कॉलरवर थोडं जास्त. पंधरा मिनिटांनी जे वर उरेल ते कोरड्या फडक्याने पुसून काढायचं आणि जॅकेट रात्रभर टांगायचं. सकाळी बोट फिरवल्यावर चिकट लागलं तर क्रीम जास्त झालं, पुन्हा पुसावं. मुंबईकडे वर्षातून एकदा, पाऊस पूर्ण सरल्यावर, एवढं पुरे. पुणे-नाशिक-नागपूरच्या कोरड्या हवेत उन्हाळा सुरू होताना आणखी एकदा. पावसाच्या तोंडावर मात्र कधीच नाही.

राहिल्या कोपरांवरच्या रेषा. लेदर बोटावर वाकवून भिंगातून पाहिलं तर तीन गोष्टींतला फरक कळतो. पहिली, नुसत्या सुरकुत्या: रंग शाबूत असतो आणि सरळ केलं की रेषा मिटतात. याला क्रीम पुरतं. दुसरी, वरचा थर तडकलेला: बारीक जाळी दिसते, रेषांत खालचा फिकट रंग डोकावतो, पण बोटाखाली कातडं अखंड लागतं. तिसरी, तंतूच तुटलेले: भेग खोल असते आणि तिच्या कडा विस्कटलेल्या दिसतात.

दुसऱ्या प्रकारात क्रीमने पुढचं तडकणं मंदावतं, पण गेलेला रंग परत येत नाही. त्यासाठी लेदरचा लवचिक रंग स्पंजने अनेक पातळ थरांत लावून वर संरक्षक लेप द्यावा लागतो. मावसभावाचा उजवा कोपर असाच होता, तो धारावीतल्या एका कारागिराकडून करून घेतला. तिसऱ्या प्रकारात कोणतंही क्रीम तंतू जोडत नाही. डाव्या बाहीच्या शिवणीजवळची एक भेग तशी निघाली. कारागिराने अस्तर उघडून आतून पातळ कातड्याचा तुकडा लवचिक डिंकाने चिकटवला आणि मगच वरून भरणी करून रंग दिला. ती भेग जवळून अजून दिसते. पण आता वाढत नाही.

आणखी एक भेग लोक हमखास लेदरची समजतात. वरचा रंगीत पापुद्रा पोपडे धरून सोलतो आणि खाली विणलेलं कापड दिसतं. ते कातडं नव्हेच, पॉलियुरेथेनचा मुलामा दिलेलं कापड आहे. दमट हवेत हा मुलामा न वापरताही रासायनिकरीत्या तुटत जातो. त्यावर क्रीमचा पैसा घालवू नये.

टांगताना खांद्याच्या रुंदीचा, जाड टोकांचा लाकडी हँगर हवा. तारेचा हँगर किंवा मागच्या लूपने खिळ्याला अडकवलेलं जॅकेट खांद्याला आणि मानेला कायमचे उंचवटे पाडतं. चेन अर्धी लावावी, खिसे रिकामे असावेत, दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा असावी. ड्रायक्लीनरचं प्लॅस्टिक त्याच दिवशी काढावं आणि वरून जुनी सुती चादर घालावी. जूनमध्ये कपाटात खाली सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात. त्यातले रंग बदलणारे दाणे घेतले तर ते भरल्याचं कळतं: निळे गुलाबी होतात, नारिंगी हिरवे. पण कपाट नीट बंद होत असेल तरच त्यांचा उपयोग, फटींतून ओली हवा येत राहिली तर ते दोन दिवसांत भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल त्या दिवशी जॅकेट तासभर पंख्याखाली काढून कॉलर आणि काखा तपासाव्यात. ठिपका कोवळा आणि कोरडा असतानाच दिसला तर ब्रशनेच निघून जातो.