चेक इंजिनचा पंचनामा

ड्रायव्हरच्या सीटवर बसून डॅशबोर्डच्या खालच्या कडेने, गुडघ्यांच्या वर हात फिरवला की बोटांना प्लास्टिकचं एक सॉकेट लागतं. वरची बाजू रुंद, खालची अरुंद, आत दोन ओळींत सोळा पिनांची जागा. बहुतेक गाड्यांत ते एखाद्या झाकणाआड असतं आणि गाडी विकली जाईपर्यंत मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मलाही नव्हता. माझ्या २०१४ सालच्या, १.६ लिटर पेट्रोल इंजिनाच्या गाडीत पिवळा दिवा लागला, तेव्हा पहिल्यांदा मी तिथे वाकून पाहिलं.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला P0171. तिथल्या मुलाने तो पाहिला आणि सांगितलं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." खर्च काही हजारांचा. लगेच त्याने कोड पुसून दिवा घालवला. आठवड्याने दिवा पुन्हा लागला. या वेळी मी गाडी दुसऱ्या एका मेस्त्रींकडे नेली. ते वयाने मोठे, कार्ब्युरेटरच्या काळापासून याच धंद्यात. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "कोड पुसू नका. आधी पंचनामा वाचू."

हा शब्द मला फार आवडला, कारण तो अगदी नेमका आहे. कोड नोंदला जातो त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती, याचा एक तक्ता गाडीचा संगणक साठवून ठेवतो. स्कॅनरवर त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा भार, इंधनाची दुरुस्ती किती चालली होती, हे सगळं त्यात असतं. कोड पुसला की हा तक्ताही जातो. पहिल्या गॅरेजने माझा पंचनामा न वाचताच फाडून टाकला होता.

मेस्त्रींनी दाखवलेल्या तक्त्यात फेरे होते ७८०, वेग शून्य, कूलंट ८८ अंश सेल्सिअस. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेलं आणि गाडी उभी, बहुधा सिग्नलला. तक्रार नोंदवली गेली ती अशा वेळी. घाट चढताना नाही, थंडीत स्टार्ट करतानाही नाही.

आता मुळात कोड काय म्हणतो ते पाहू. P म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा भाग. शून्य म्हणजे हा अर्थ सगळ्या कंपन्यांना समान. तिथे १ असता तर त्या कंपनीची स्वतःची पुस्तिका उघडावी लागली असती. पुढचा १ म्हणजे हवा आणि इंधनाचं खातं. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात: बँक १ मधलं मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. एका रांगेत चार सिलिंडर असलेल्या साध्या इंजिनात बँक एकच असते. कुठल्याही सुट्या भागाचं नाव या पाच अक्षरांत नाही.

ही तक्रार संगणक करतो कशी? हवेच्या वाटेवरचा एअर फ्लो सेन्सर आत जाणारी हवा मोजतो. शुद्ध पेट्रोलच्या प्रत्येक ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. त्या हिशेबाने इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरतं. हिशेब बरोबर निघाला का, हे एक्झॉस्टमध्ये बसलेला ऑक्सिजन सेन्सर तपासतो. नेहमीच्या जुन्या प्रकारच्या सेन्सरमधून, धुरात ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, पेट्रोल जास्त झालं असेल तर ०.९ च्या आसपास विद्युतदाब येतो. सेन्सर सतत 'ऑक्सिजन उरतोय' म्हणू लागला की संगणक पेट्रोल थोडं वाढवतो. ही तात्पुरती दुरुस्ती. ती रोजचीच झाली की कायमच्या खात्यात वळती होते. निरोगी गाडीत ही दुरुस्ती शून्याच्या आगेमागे चार-पाच टक्के असते. ती वाढत वाढत कंपनीने आखलेल्या मर्यादेला टेकली, म्हणजे बऱ्याच गाड्यांत साधारण पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली, की संगणक आधी कच्ची नोंद करतो. पुढच्या फेरीतही तेच दिसलं की कोड पक्का होतो आणि दिवा लागतो.

म्हणजे मिश्रण पातळ आहे हे सांगणारा ऑक्सिजन सेन्सरच होता. तो मेला असता तर सहसा त्याच्या स्वतःच्या नावाचे वेगळे कोड आले असते. चोरीची फिर्याद घेऊन आलेल्यालाच बेड्या घालण्याचा हा प्रकार, आणि तो रोज कितीतरी गॅरेजमध्ये घडतो. लोकांचे कष्टाचे पैसे त्यात जातात, म्हणून मला याचा राग येतो.

मेस्त्रींनी मग इंजिन चालू ठेवून आकडे पाहिले. स्कॅनर आणि गाडी यांचं बोलणं किती साधं असतं ते त्यांनी मला मुद्दाम उघडून दाखवलं. कायमच्या दुरुस्तीचा आकडा विचारला की असं उत्तर येतं:

```
01 07
41 07 9B
```

पहिली ओळ प्रश्न, दुसरी उत्तर. शेवटचं 9B म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत १५५. त्यातून १२८ वजा करायचे, १०० ने गुणायचं, १२८ ने भागायचं. उत्तर सुमारे २१. म्हणजे नेहमीपेक्षा २१ टक्के पेट्रोल जास्त. वर तात्पुरती दुरुस्ती ८ टक्के चालू होती. एकूण २९.

पुढची पायरी माझ्या मते या सगळ्या विद्येचा गाभा आहे. त्यांनी मला ॲक्सिलरेटर दाबून फेरे २५०० वर धरायला सांगितले. अर्ध्या मिनिटात एकूण दुरुस्ती २९ वरून १० वर आली. मेस्त्री म्हणाले, "कुठेतरी वारा शिरतोय. मॅनिफोल्डकडे बघू."

कारण हिशेबात आहे. आयडलवर माझ्या इंजिनात सेन्सरला दिसणारी हवा सेकंदाला अडीच ग्रॅम होती. सेन्सरच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ एखादी नळी चिरली असेल, तर आतल्या ओढीने तिथून न मोजलेली हवा शिरते, समजा सेकंदाला ०.६ ग्रॅम. अडीच ग्रॅमला ०.६ म्हणजे २४ टक्के, संगणकाला चक्रावून टाकण्याइतकी चूक. २५०० फेऱ्यांवर सेन्सरमधून दहा ग्रॅम जातात, चिरेतून येणारी हवा मात्र तेवढीच राहते. दहाला ०.६ म्हणजे फक्त सहा टक्के. भोक तेच, पण मोठ्या प्रवाहात त्याचा हिस्सा लहान.

पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर चित्र उलटं दिसलं असतं. आयडलला पेट्रोल पुरतं, खंबाटकीचा घाट चढताना पुरत नाही, म्हणून दुरुस्ती भाराबरोबर वाढत जाते. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचा जोड फुटला असेल तर बाहेरची हवा धुरात मिसळते आणि मिश्रण ठीक असूनही सेन्सर पातळच सांगतो. एक अडचण आणखी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो, त्याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवा ठरवतात. तिथे चिरेतून शिरलेली हवाही दाबात धरली जाते, संगणक तिला पेट्रोल पुरवतो, आणि P0171 ऐवजी आयडल उगाच चढलेलं राहतं. म्हणून एका गाडीवर शिकलेला ठोकताळा दुसरीवर आंधळेपणाने लावता येत नाही.

मेस्त्रींनी इनटेकमध्ये अगदी हलक्या दाबाने धूर सोडला. मिनिटभर काहीच नाही. मग इंजिनाच्या मागच्या बाजूने, जिथे नजर पोचत नाही, धुराची बारीक रेघ वर आली. क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या रबरी नळीचा कोपरा खालच्या अंगाने फुटला होता. वरून नळी धडधाकट दिसत होती. वाकवली तेव्हा चीर ओठांसारखी उघडली. रबर तेलाने फुगून मऊ पडलं होतं. नवी नळी काही शे रुपयांत आली.

हे सॉकेट मुळात धुराच्या भीतीतून जन्मलं. लॉस एंजेलिसवरचं डोळे झोंबवणारं धुरकं कशाने होतं, याचा शोध १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने घेतला: न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, वर ऊन. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःची तपासणी करावी अशी सक्ती केली. मात्र तेव्हा प्रत्येक कंपनीचं सॉकेट आणि कोड वेगळे होते. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना सोळा पिनांचं एकच सॉकेट आणि समान कोड आले. भारतात ही दुसरी पिढी एप्रिल २०१३ पासून चारचाकींना लागू झाली. सोळापैकी १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा धन, ४ आणि ५ वर अर्थ, आणि हल्लीच्या गाड्यांत ६ व १४ वर संगणकांची आपसांतली बोलणी.

जन्म असा असल्यामुळे कायद्याने सक्तीची तपासणी धुराशी संबंधित आहे. एबीएस, एअरबॅग यांचे कोडही याच सॉकेटमधून मिळतात, पण ते वाचायला त्या कंपनीची भाषा येणारा स्कॅनर लागतो. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल 'एकही कोड नाही' म्हणाला, तर त्यावरून जुनी गाडी घेण्याचा निर्णय करू नये. झिजलेले ब्रेक पॅड, सैल बॉल जॉइंट, गंजलेला तळ यांना सेन्सरच नाही, मग कोड कुठून येणार? एका बाबतीत मात्र दिव्याचं लगेच ऐकावं: तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये इंधन न पेटता पुढे जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकतो. वेग कमी करावा, जमेल तितक्या लवकर थांबावं.

नळी बसवल्यावर मेस्त्रींनी कोड पुसला आणि मला आणखी एक पडदा दाखवला. संगणक आपल्या वेगवेगळ्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाहीत याची यादी ठेवतो. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की त्यातल्या बऱ्याच पुन्हा 'अपूर्ण' होतात. विकायला आणलेल्या गाडीत दिवा नाही, कोड नाही, पण यादीत सगळीकडे 'अपूर्ण' दिसलं, तर कालपरवाच कुणीतरी काहीतरी पुसलंय हे ओळखावं.

मी चार दिवस गाडी चालवली, थोडी शहरात, थोडी हायवेवर. सगळ्यांत शेवटी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण झाली. दुरुस्ती आयडलला आणि २५०० वर, दोन्हीकडे चार टक्क्यांवर स्थिरावली. शून्यावर का नाही, असं मी विचारलं. मेस्त्रींनी टाकीकडे बोट दाखवलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास हवा पुरते. तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त घालावं लागतं, आणि ते संगणक आपल्या खात्यात गुपचूप लिहून ठेवतो.