अरबी बालपुस्तके : सुलभ की सस्वर?

अरबी शिकू पाहणाऱ्या प्रौढांकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकून त्रागा होतो : 'मुलांसारखे शिकावे, आधी चित्रपुस्तके आणि कार्टून, मग वर्तमानपत्रे.' यात गृहीत असे की, बालपुस्तकातील भाषा ही अरब मुलांच्या तोंडची भाषा होय; आणि हे गृहीतच चूक आहे.

कैरोचे मूल घरात 'आम्मिया', म्हणजे बोली, बोलते. त्याची पुस्तके मात्र बहुधा 'फुस्हा' या प्रमाणभाषेत असतात. 'ससा अरण्यात गेला' हे ते घरी 'इल्-अर्नब राह् इल्-गाबा' असे म्हणेल. पुस्तकात मात्र 'ज़हबल्-अर्नबु इलल्-गाबति' असे असेल, म्हणजे क्रियापद निराळे, तेही आरंभी, आणि नामांच्या अखेरीस विभक्तीचे स्वर. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली एकाच समाजातील अशा द्विस्तरीय भाषाव्यवहाराचे विवेचन केले, तेव्हा त्यांच्या चार उदाहरणांत अरबी होती. तेव्हा 'मुलांची म्हणून सोपी' हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

मग या पुस्तकांचा खरा उपयोग कोणता? त्यांत स्वरचिन्हे छापलेली असतात. प्रौढांच्या मजकुरात ती प्रायः गाळली जातात, आणि 'क-त-ब' ही तीन व्यंजने 'कतब' (त्याने लिहिले), 'कुतिब' (लिहिले गेले) की 'कुतुब' (पुस्तके), हे वाचकाने संदर्भावरून ठरवायचे असते. म्हणून बालपुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचावे, मग ते स्वरचिन्हांविना वहीत उतरून घ्यावे, दोन दिवसांनी ती नक्कल वाचावी आणि मूळ पानाशी ताडून पाहावी. जेथे स्वर चुकला, तेथे बहुधा वाक्यातील कर्ता-कर्मच उमगलेले नसते. केवळ चित्र पाहून अर्थ लावला होता, हे तेव्हा उघड होते.

शब्दसंग्रह या पुस्तकांतून पुरेसा मिळतो, हाही भ्रम आहे. त्यांत 'कुन्फुज़' (साळिंदरासारखा काटेरी छोटा प्राणी) आणि 'सुलह्फात' (कासव) भेटतात, वर्तमानपत्रात 'हुकूमा' (शासन), 'ख़बर', 'तारीख़'. आणि मराठी वाचकाला, हुकूम, खबर, तारीख हे शब्द आपल्या दफ्तरांतून परिचित असल्यामुळे, दुसरे अधिक जवळचे वाटतात. मात्र ओळखीचा शब्द फसवतोही : 'वकील' म्हणजे अरबीत मुखत्यार. न्यायालयातला वकील 'मुहामी'.

कार्टून पाहून बाजारात बोलता येते, हेही खरे नव्हे : स्पेसटून वाहिनीची कार्टून फुस्हात असतात, डिस्नेचे चित्रपट दीर्घकाळ इजिप्ती बोलीत येत होते, तर 'फ्रोझन' (२०१३) फुस्हात आला. 'मला हवे' यासाठी पात्र 'उरीदु' म्हणाले तर फुस्हा, 'आयिज़' म्हणाले तर इजिप्ती बोली, हे आधी कान देऊन ठरवावे.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी एवढे अवश्य पाहावे : स्वरचिन्हे पूर्ण छापलेली नसतील, तर ते पुस्तक नवशिक्याने घेऊ नये.