टाकी, नळ आणि चारचा घोळ

फ्लुइड मेकॅनिक्सच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या की एक गणित आकडे बदलून पुन्हा पुन्हा भेटते. टाकीतले पाणी लांब नळातून मोकळ्या हवेत पडते आहे, तर दर सेकंदाला किती पाणी मिळेल? विद्यार्थी लगेच सूत्राला हात घालतात. गुण मात्र त्याआधीच कमावले किंवा गमावले जातात, गृहीतके मांडताना.

नमुना म्हणून हे आकडे घ्या. टाकीतली पातळी आडव्या नळाच्या मध्यरेषेपासून १० मीटर उंच, नळ १०० मीटर लांब, व्यास १०० मिलिमीटर, घर्षण गुणक ०.०२, आत शिरण्याची कड टोकदार.

पहिला बिंदू टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागावर, दुसरा नळाच्या तोंडाशी. दोन्हीकडे हवेचाच दाब, म्हणून दाबाच्या संज्ञा उडतात. टाकी मोठी, म्हणून पृष्ठभागावरचा वेग शून्य. पातळी कायम राहते, म्हणून प्रवाह स्थिर. या ओळी उत्तरपत्रिकेत लिहायच्याच असतात. नाहीतर बर्नुलीच्या समीकरणातल्या संज्ञा का गायब झाल्या, हे तपासणाऱ्याने ओळखायचे कसे? उरते ते एवढेच:

H = (0.5 + fL/D + 1) V²/2g

०.५ हा प्रवेशाचा तोटा, १ ही बाहेर पडणाऱ्या पाण्याची गतिज ऊर्जा आणि मधले fL/D म्हणजे २०. कंसाची बेरीज २१.५. त्यावरून वेग सेकंदाला ३.०२ मीटर आणि प्रवाह सुमारे २३.७ लिटर येतो.

लहान तोटे सोडले तर? कंसात फक्त २० धरले, तर उत्तर २४.६ लिटर, म्हणजे जेमतेम चार टक्के जास्त. पण हाच नळ ५ मीटरचा असता, तर fL/D फक्त १ आणि कंस २.५ झाला असता. तिथे तीच सूट घेतली की वेग सेकंदाला ८.९ ऐवजी १४ मीटर निघतो. दहा मीटर उंचीवरून घर्षणाशिवाय पडणाऱ्या पाण्याचाही वेग तेवढाच असतो. नळात घर्षण असताना असे उत्तर आले, की गणित चुकले हे तिथेच समजावे.

खरा घोळ चारचा आहे. काही पुस्तके fL/D लिहितात, आपल्याकडे चालणारी काही 4fL/D. दुसऱ्या पद्धतीत f पहिल्याच्या चौथाईएवढा असतो. दिलेले ०.०२ जर 4fL/D मध्ये घातले, तर कंस ८१.५ होतो आणि प्रवाह निम्म्यावर, १२.२ लिटरवर येतो. संथ प्रवाहाचे सूत्र पाहिले की पुस्तक कोणत्या पद्धतीचे ते कळते: 64/Re असेल तर पहिली, 16/Re असेल तर दुसरी. जुन्या पेपरची सोडवलेली उत्तरे वापरताना आधी हे बघा आणि आकडे त्यानंतरच पडताळा.