कमी तापलेलें दूध मागें फिरविणारी झडप

कासाजवळून गेलेल्या मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर दुधाचे टँकर जातांना आमच्या वाचकांनीं पाहिले असतीलच. त्याच्या पश्चिमेस डहाणूरोडवरून जाणाऱ्या आगगाडीनें सन १९४५ पासून आणंदच्या पोल्सन डेअरीचें तापवून थंड केलेलें दूध मुंबईस जाऊं लागलें. दूरच्या गिऱ्हाइकास पाठवावयाचें दूध आधीं तापविलें पाहिजे हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें पुरेसें तापलें कीं नाहीं हें यंत्र कसें ठरवितें, व कमी तापल्यास त्याचें काय करितें, एवढाच भाग आम्ही येथें सांगणार आहों.

वाहत्या दुधाच्या पद्धतींत दूध ७२ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून त्या उष्णतेवर निदान १५ सेकंद ठेवावें लागतें. कच्चें दूध प्रथम एका लहान टाकींत येतें; हिला समतोल टाकी म्हणतात. तरंगत्या गोळ्याच्या योगानें हींतील पातळी एकसारखी राहते. तेथून तें पातळ पोलादी पत्र्यांच्या चळतींत शिरतें. पत्र्यांच्या पलीकडून ऊन पाणी वाहत असतें. तापलेलें दूध मग एका लांब नळींतून जातें व १५ सेकंदांची मुदत तेथें भरते. नळीच्या शेवटीं उष्णता मापणारी कांडी व तिच्या लगेच पुढें आपली झडप असते. दूध ठरल्या उष्णतेचें असेल तर झडप त्यास पुढें सोडते. तें आपली उष्णता येणाऱ्या कच्च्या दुधास देऊन अखेर ४ अंशांपर्यंत थंड होतें. उष्णता कमी भरली कीं झडप फिरते व दूध पुन्हां समतोल टाकींत जातें. अपुऱ्या मुद्रांकाचा अर्ज कचेरींतून परत जातो तसाच हा प्रकार. भेद इतकाच कीं येथें कारकुनाची मर्जी चालत नाहीं.

झडप पुढच्या बाजूस दाबलेल्या हवेनें धरून ठेवलेली असते व मागें फिरविण्याचें काम स्प्रिंगकडे असतें. म्हणून वीज गेली किंवा हवेची नळी फुटली, तरी दूध मागेंच जातें.

मात्र झडपेस उष्णता कळते, वेळ कळत नाहीं. तासास ५,००० लिटर दूध नेणाऱ्या यंत्रांत सेकंदास सुमारें १.३९ लिटर दूध वाहतें. १५ सेकंदांसाठीं नळींत सुमारें २१ लिटर दूध मावलें पाहिजे. नळीच्या मध्यावरील दूध कडेच्या दुधापेक्षां वेगानें धांवतें, म्हणून नळी याहून कांहीं लांबच करितात. कोणी घाईनें पंपाचा वेग तासास ६,००० लिटर केला, तर तेंच दूध साडेबारा सेकंदांत बाहेर पडेल. कांडी ७२ अंशच दाखवील व झडप त्यास खुशाल पुढें सोडील. याकरितां पंपाचा वेग एकदां ठरवून त्यावर मोहर लावितात.

आतां दूध वारंवार मागें कां फिरतें तें पाहूं. आंबूस दूध तापतांना पत्र्यांवर चिकटतें. हा थर वाढला म्हणजे ऊन पाण्याची उष्णता दुधांत पूर्ववत् उतरत नाहीं. कांटा ७१ वर येतो व झडप फिरते. मग मिनिटास ८३ लिटर ऊन दूध टाकींत परत येतें, पातळी भरल्यानें नवीन दुधाचा प्रवाह बंद होतो, आणि तेंच दूध फिरत राहतें. २०० लिटरांची टाकी अडीच मिनिटांच्या आंत एकदां उलटते व तींतील दूध लौकर कोमट होतें. असें फार वेळ चालल्यास दुधास करपट वास येतो. शिवाय उष्णता सोसणारे जंतू त्यांत वाढतात. बाहेर सभासदांच्या कॅनची रांग तिष्ठत असते ती वेगळीच. अशा वेळीं झडप पुढच्या बाजूस बांधून ठेवण्याचा किंवा ठरलेली उष्णता उतरविण्याचा मोह नोकरांस होतो, व कच्चें दूध बाटलींत जातें. खरा उपाय यंत्र थांबवून पत्रे धुण्याचा. आणि त्याहून आधींचा, दूध घेतांनाच थोडें उकळून फुटतें कीं काय हें पाहण्याचा.

कांडी खोटें दाखवूं लागली तर काय? ती दीड अंश जास्त दाखवीत असल्यास साडेसत्तर अंशांचें दूधही पुढें जाईल. म्हणून रोज ऊन पाणी हळूहळू निववून झडप नेमक्या कोणत्या अंशावर फिरते तें शेजारच्या स्वतंत्र उष्णतामापकाशीं ताडून पाहतात. झडपेच्या बैठकीचें रबर झिजलें तरी थोडें दूध पुढें गळतें. यासाठीं दोन बैठकांमध्यें उघडें तोंड ठेवून गळती टाकीकडे वळवितात.

यंत्रास जोडलेल्या कागदावर उष्णतेची रेघ उमटते व झडप फिरली तेव्हांची खूणही पडते. रेघ ७२ च्या खालीं उतरली आणि खूण मात्र नाहीं, असा कागद दिसल्यास त्या वेळचें दूध फॉस्फटेजच्या परीक्षेस द्यावें. हें द्रव्य कच्च्या दुधांत उपजतच असतें व नीट तापविल्यानें नाहींसें होतें. तें सांपडलें तर एक तर दूध पुरें तापलेलें नाहीं, नाहीं तर त्यांत मागाहून कच्चें दूध मिसळलें आहे.